तीन दिवस ताप आणि अंगावर पुरळ: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी सांगली जिल्ह्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. पावसाळा सरला की दिवाळीपर्यंत आमच्या ओपीडीत एकच वाक्य दिवसातून चार-पाच वेळा ऐकू येतं: "मॅडम, तीन दिवस झाले, ताप हाय आन् अंगावर उठलंय." त्यावर मी जे प्रश्न विचारते आणि पालक मला जे विचारतात, ते इथे लिहून काढलं आहे. घरी बसून निदान करावं म्हणून नाही. दवाखान्यात आल्यावर नेमकं काय सांगायचं आणि कधी अजिबात थांबायचं नाही, एवढं कळावं म्हणून.

## तीन दिवस ताप आहे आणि पुरळ उठलंय. हे काय असेल?

आधी मला सांगा, तीन दिवस कशाचे? तापाचे की पुरळाचे?

हा प्रश्न ऐकून बरेच पालक गोंधळतात, कारण घरात दोन्हीची मोजणी एकत्रच झालेली असते. पुरळ दिसलं की माणूस घाबरतो आणि दिवस तिथून मोजू लागतो. त्याआधी दोन-तीन रात्री अंग कोमट होतं, एकदा सिरप पाजलं होतं, हे विसरून जातं. मग ताप 'तीन दिवसांचा' सांगितला जातो आणि खरं तर तो सहाव्या दिवशी असतो. तिसऱ्या दिवसाचा ताप आणि सहाव्या दिवसाचा ताप यांत आमच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. तपासण्या वेगळ्या, धोके वेगळे, कधीकधी औषधही वेगळं.

म्हणून घटनांवरून मागे जा. आठवडी बाजाराच्या दिवशी पोर खेळत होतं का? अंगणवाडीत शेवटचं कधी गेलं? पहिल्यांदा तापाचं औषध कोणत्या रात्री दिलं? अंग पहिल्यांदा गरम लागलं तो दिवस पहिला धरा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर 'ता' लिहा, पुरळ दिसलं त्या तारखेवर 'पु' लिहा. या दोन अक्षरांमधलं अंतर मला रक्ताच्या रिपोर्टाइतकंच उपयोगी पडतं.

## त्या अंतरावरून आजार कसा ओळखता?

प्रत्येक आजाराचं आपलं घड्याळ असतं. अगदी मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण चाल ओळखू येते.

कांजिण्यांमध्ये ताप आणि पुरळ जवळजवळ जोडीनं येतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पोटा-पाठीवर लाल ठिपके दिसतात, काही तासांत त्यांचे पाण्यानं भरलेले फोड होतात आणि खाज सुटते. खूण अशी, की एकाच वेळी एकाच पोटावर ताजा ठिपका, भरलेला फोड आणि खपली, तिन्ही सापडतात.

गोवर उशिरा अंगावर येतो. आधी तीन-चार दिवस नुसता ताप, कोरडा खोकला, वाहणारं नाक आणि लाल, पाणी गळणारे डोळे. पोरगं इतकं चिडचिडं होतं की उजेडाकडे बघवत नाही. चौथ्या दिवसाच्या सुमारास कानामागे आणि केसांच्या कडेला पुरळ सुरू होतं, मग चेहरा, छाती, पोट असं करत दोन-तीन दिवसांत पायापर्यंत उतरतं. पुरळ येतं तेव्हा ताप कमी होत नाही, उलट चढतो. हे लक्षात ठेवा.

याच्या अगदी उलट वागणारा एक आजार सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांना होतो. त्याला आम्ही रोझिओला म्हणतो, मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही. तीन ते पाच दिवस जोराचा ताप, त्यात एखाद्या बाळाला झटकाही येतो, आणि मग ताप एकदम उतरतो. त्यानंतर काही तासांत छाती-पोटावर गुलाबी पुरळ उठतं. घरचे घाबरून धावत येतात आणि बाळ माझ्या टेबलावर स्टेथोस्कोप ओढत हसत असतं. आजार तेव्हा संपलेला असतो.

डेंग्यूतही ताप उतरतानाच पुरळ येऊ शकतं, साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी. लाल झालेल्या कातडीत मध्येमध्ये पांढरी बेटं राहिल्यासारखी दिसतात. रोझिओलातलं बाळ ताप उतरल्यावर खेळायला लागतं. डेंग्यू बिघडत असेल तर ताप उतरल्यावर मूल मलूल होतं, पोट धरून रडतं, उलट्या थांबत नाहीत. म्हणून "ताप गेला, आता काही नाही" असं म्हणून डेंग्यूच्या दिवसांत निर्धास्त झोपू नका. धोक्याचे दिवस तिथूनच सुरू होऊ शकतात.

पाचवं घड्याळ गोचीडतापाचं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तो आपल्या भागात आहे आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात नसतो.

## पुरळ कुठून सुरू झालं हे इतकं खोदून का विचारता?

कारण तिसऱ्या दिवशी सगळं अंग भरलं की सगळी पुरळं एकसारखी दिसतात. पहिल्या दिवशी ती वेगवेगळ्या जागी असतात.

कानामागून खाली उतरलं तर गोवराकडे मन जातं. छाती-पोटावरून बाहेर पसरलं तर कांजिण्या किंवा रोझिओला. मनगटं आणि घोटे यांपासून सुरू होऊन आत धडाकडे सरकलं, तळहात-तळपायांवरही आलं, तर गोचीडतापाच्या शंकेनं मी खुर्ची पुढे ओढते.

तळहात-तळपाय म्हटलं की पालकांना 'हॅन्ड फूट माउथ' आठवतो, शाळेच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात त्याचे फोटो फिरतात म्हणून. तो आजार असतोही फार. पण त्यात ताप बहुधा हलका आणि एक-दोन दिवसांचा असतो, तोंडात फोड येऊन मूल जेवण सोडतं, लाळ गळते, आणि हातापायांवरचे फोड राखाडी, लांबट, तांदळाच्या दाण्यासारखे असतात. गुडघे आणि बसायची जागा हीसुद्धा त्याच्या आवडीची ठिकाणं. तोंड स्वच्छ असेल, ताप पाच दिवस हटत नसेल आणि तळव्यांवर ठिपके असतील, तर त्याला हॅन्ड फूट माउथ म्हणून मोकळं होऊ नये.

## आमचं पोर सावळं आहे, पुरळ नीट दिसतच नाही. कसं बघायचं?

पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, ही आमचीही अडचण आहे. सावळ्या अंगावर लाल पुरळ लाल दिसत नाही, जांभळट किंवा नुसतं गडद दिसतं. ट्यूबलाइटखाली बघू नका. दिवसा दारात, उजेडात न्या, सगळे कपडे काढा, कातडीवरून उलटा हात फिरवा. खरखरीत लागतंय का? तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू, तोंडातला टाळू इथे रंग लपत नाही.

आणि रोज एक फोटो काढा, त्याच जागेचा, त्याच उजेडात. व्हॉट्सॲपवर मला एकच फोटो पाठवून निदान मागू नका. पण ओळीनं तीन दिवसांचे तीन फोटो दवाखान्यात दाखवलेत तर मी मनापासून आभार मानेन.

## काचेचा पेला दाबून बघायचा म्हणतात, ते खरं का?

खरं, आणि प्रत्येक आईला यावं. पारदर्शक काचेच्या पेल्याची बाजू पुरळावर घट्ट दाबा आणि काचेतून बघा. साध्या विषाणूच्या पुरळाचा रंग दाबल्यावर फिका पडतो, कारण रक्त वाहिनीतच असतं आणि दाबानं बाजूला सरकतं. ठिपका तसाच राहिला तर रक्त वाहिनीबाहेर आलेलं आहे.

ताप आणि न विरणारे ठिपके, असं दिसलं तर वेळ घालवू नका. त्यामागे मेंदूज्वराच्या जंतूंचा रक्तातला संसर्ग असू शकतो, डेंग्यूत कमी झालेल्या प्लेटलेट असू शकतात, किंवा गोचीडताप. जोरानं खोकल्यामुळे किंवा उलटी केल्यामुळे फक्त मानेच्या वर, चेहऱ्यावर बारीक ठिपके येतात, तेही विरत नाहीत. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण ते ठरवणं माझ्यावर सोडा.

## गोवर वाटला आणि निघालं दुसरंच, असं होतं का?

होतं. एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ऑक्टोबरचा महिना. जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव, घरी दोन म्हशी, शेरडं आणि एक कुत्रं. चार वर्षांची मुलगी, आई आणि आजी घेऊन आल्या. आजींनी आल्या आल्या निकाल दिला, "गोवार हाय ह्यो. सात पोरं वाढवल्यात मी." मुलीच्या उशाशी कडुलिंबाचा पाला, तीन दिवस अंघोळ नाही, घरात फोडणी बंद.

आई म्हणाली, तीन दिवस झाले. मी दिनदर्शिका पुढे ठेवली. सोमवारी संध्याकाळी अंग गरम होतं. मंगळवारी गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप दिलं. गुरुवारी सकाळी अंगावर दिसलं. आज शनिवार. म्हणजे तीन दिवस पुरळाचे, आणि ताप सहाव्या दिवसात.

गुरुवारी पुरळ दिसलं म्हणजे तापाचा चौथा दिवस. हे गणित गोवराशी अगदी जुळत होतं. आजींचा अंदाज उगाच नव्हता. पण बाकीचं जुळेना. खोकला नाही. नाक कोरडं. डोळे थोडे लाल, पण पाणी नाही, चिकटा नाही. गालाच्या आतल्या बाजूला गोवरात मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतात, ते पुरळ आल्यावर दोन दिवसांत जातातही, त्यामुळे ते नसण्याला मी महत्त्व दिलं नाही. मग विचारलं, "पहिल्यांदा कुठं दिसलं?" आई म्हणाली, "पैंजण काढताना, घोट्यापाशी." लसीचं कार्ड पिशवीत होतं. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेले.

तळहात उघडून बघितले. ठिपके होते. तळपायांवरही. पेला दाबला, पोटावरचे विरले, घोट्यांवरचे काही विरले नाहीत. हातपाय किंचित सुजलेले, यकृत वाढून बोटाला लागत होतं. मग मी केसांत बोटं घातली. कानामागे केसांच्या मुळाशी ज्वारीच्या दाण्याएवढी खपली, आणि शेजारी दुखरी गाठ. आईला विचारलं, "गोचीड चिकटली होती का?" ती म्हणाली, "आठवड्यामागं एक काढून टाकली की. जनावरं हाईत, गोचीड लागायचीच."

रक्तात प्लेटलेट कमी, एक लाख दहा हजार, सोडियमही कमी, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. मी गोचीडताप धरून डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, पक्क्या तपासणीची वाट न बघता. दुसऱ्या दिवशी रात्री ताप १०० वर आला, तिसऱ्या दिवशी गेला. मंगळवारी सुरू केलेल्या अँटिबायोटिकनं काहीच झालं नव्हतं, कारण हे जंतू आपल्या पेशींच्या आत राहतात आणि त्या जातीची औषधं त्यांना लागू पडत नाहीत.

आजी जाताना म्हणाल्या, "मंजे गोवार न्हवता?" मी म्हटलं, "आजी, चार दिवसांचा हिशेब तुमचा बरोबर होता. घोट्यांनी घोटाळा केला."

## गोचीडताप म्हणजे नक्की काय? स्क्रब टायफस तोच का?

दोघे भाऊ म्हणा. दोन्ही रिकेट्सिया कुळातल्या जंतूंमुळे होतात. गोचीडतापाचे जंतू गोचिडीतून येतात, स्क्रब टायफसचे गवता-झुडपांतल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लांमधून. सातारच्या डोंगरभागात गवत वाढलेलं असताना मुलं जनावरांमागे फिरतात तेव्हा मी स्क्रबचाही विचार करते. त्यात सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली काखेत, जांघेत, कमरेच्या करदोट्याखाली, अशा लपलेल्या जागी सापडते. ती न दुखणारी असल्यामुळे मूल सांगत नाही. गोचीडतापात अशी खपली आपल्याकडे सापडेलच असं नाही, पण तळव्यांवरचं पुरळ जास्त दिसतं.

गोचीड चावल्यावर साधारण आठवडाभरानं ताप येतो, त्यामुळे लोकांच्या मनात दोन्हीची सांगड बसत नाही. आजार एका मुलाकडून दुसऱ्याला होत नाही. औषध वेळेवर मिळालं तर मूल दोन दिवसांत उठून बसतं. आठवडा उलटला तर मात्र फुप्फुस, मेंदू, मूत्रपिंड यांपर्यंत जातं, बोटांची टोकं काळी पडू शकतात. म्हणूनच पक्क्या तपासणीसाठी आम्ही थांबत नाही. या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात दिसायला पहिला आठवडा जातो, तेव्हा सुरुवातीचा निगेटिव्ह रिपोर्ट कशाचाच पुरावा नसतो.

## डॉक्सिसायक्लिननं दात पिवळे होतात ना?

ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनची आहे आणि तेव्हा ती रास्त होती. डॉक्सिसायक्लिन थोड्या दिवसांसाठी दिल्यास आठ वर्षांखालच्या मुलांच्या दातांवर डाग पडत नाहीत, हे आता तपासून झालं आहे. या आजारासाठी सगळ्या वयांत हेच पहिल्या पसंतीचं औषध आहे. साधारण पाच ते सात दिवस, आणि ताप गेल्यावर निदान तीन दिवस द्यायचं. मात्र मागच्या वेळचं उरलेलं औषध शेजारच्या पोराला देऊ नका.

## गोचीड चिकटलेली दिसली तर कशी काढायची?

बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. रॉकेल, तेल, काडीचा चटका यातलं काहीच नको, कारण त्यानं ती आपल्या पोटातलं आणखी जखमेत सोडते. नखांमध्ये चिरडूही नये. जागा साबणानं धुवा आणि दिनदर्शिकेवर 'गो' लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर हे अक्षर डॉक्टरांना दाखवा.

## दोन्ही डोस झालेत, तर गोवर नाहीच ना?

दोन डोस झालेल्या मुलाला गोवर होणं फार विरळा. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसऱ्यांदा १६ ते २४ महिन्यांत देतात. अडचण दुसऱ्या डोसाची असते. पहिल्याला आशाताई घरी बोलवायला येतात, दुसऱ्यापर्यंत घर बदललेलं असतं. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर कारखान्यांवर येणारी मुलं तर ऐन डोसाच्या महिन्यांत गावापासून दूर असतात. कार्ड बरोबर असेल तर इथल्या कुठल्याही सरकारी केंद्रात राहिलेला डोस मिळतो. २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवराची साथ आली ती अशाच डोस राहिलेल्या वस्त्यांमध्ये वाढली.

ताप आणि पुरळ असलेल्या मुलाचं रक्त आरोग्य केंद्राचे लोक तपासणीला घेतात, तेव्हा पालक बिचकतात. ते गोवर आणि रुबेला संपवण्याच्या कामाचा भाग आहे. तुमच्या मुलाला गोवर नसेल तरी ते नोंदलं जाणं आवश्यक असतं, म्हणून नमुना द्या.

## अंघोळ, तेल, फोडणी, पाला... काय पाळायचं?

कडुलिंबाच्या पाल्याला माझी हरकत नाही, खाजवण्यापेक्षा पाला फिरवलेला बरा. अंघोळ मात्र घाला. कोमट पाण्यानं, कातडी न घासता. न धुतलेल्या, नखांनी ओरबाडलेल्या कांजिण्यांत पू होतो आणि डाग कायमचे राहतात.

"अंघोळ घातली की गोवर आत दबतो" हे मी अजून ऐकते. यामागचा अनुभव खरा असावा: पुरळ लवकर मावळलं आणि पोर दगावलं, असं जुन्या माणसांनी पाहिलं. पण ते गोवरानंतर होणाऱ्या न्यूमोनियानं आणि जुलाबानं दगावलं. गोवर शरीराची ताकद काही आठवडे मोडून ठेवतो. म्हणून अशा मुलाचं जेवण तोडू नका. वरण-भात, तूप, अंडं, जे खाईल ते द्या. डॉक्टर सलग दोन दिवस व्हिटॅमिन ए पाजतात, ते डोळ्यांसाठी आणि जीवासाठीही आवश्यक आहे.

राहता राहिली 'देवी'. कांजिण्यांना अजून काही घरांत देवी म्हणतात. खरी देवी भारतात १९७५ नंतर झाली नाही आणि १९८० मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. तुमच्या पोराला आलेल्या त्या कांजिण्याच.

## औषध दिल्यावर पुरळ आलं. ॲलर्जी आहे का?

कधी असते, पण बरेचदा नसते. बाळाला रोझिओला असतो, तिसऱ्या दिवशी कुणीतरी अँटिबायोटिक देतं, चौथ्या दिवशी आजाराच्याच नियमानं पुरळ येतं आणि दोष औषधावर. मग फाइलवर लाल शाईनं लिहिलं जातं आणि ते मूल आयुष्यभर एका चांगल्या औषधाला मुकतं. ॲलर्जीत बहुधा खाज असते, उठून आलेल्या गांधी जागा बदलतात (आपल्याकडे त्याला पित्त उठलं म्हणतात). ओठ-डोळे सुजले, दम लागला, किंवा तोंडात-डोळ्यांत फोड येऊन कातडी सोलली तर औषध बंद करून लगेच निघा.

## रक्ताच्या तपासण्या कधी करायच्या?

सगळ्या एकदम नकोत. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम त्यानंतर. साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तिसऱ्या दिवशी आणि गरज पडल्यास रोज, कारण प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा त्याची उतरण महत्त्वाची. तिसऱ्या दिवशीची विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड ठरवू नये. या एका रिपोर्टानं आपल्या जिल्ह्यात किती मुलांना विनाकारण सलाईन लागलं असेल, हा माझा जुना राग आहे, तो सोडून देते.

## ताप उतरवायला घरी किती औषध द्यायचं?

पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम होतं. बाटलीवर ५ मिलीत १२० लिहिलं असेल तर साडेसात मिली, २५० लिहिलं असेल तर साडेतीन मिलीच्या जरा वर. घोटाळा इथेच होतो: जुनी बाटली संपते, दुकानदार दुप्पट ताकदीची देतो आणि आई सवयीनं तेवढंच ओतते. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर मात्र घरी औषध देत बसू नका, थेट दाखवा.

ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको. आयबुप्रोफेन डेंग्यूच्या संशयात आणि कांजिण्यांत टाळा. मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप घराघरांत असतं, तेही या दिवसांत बाजूला ठेवा.

## रात्रीच निघावं असं कधी समजायचं?

काचेखाली न विरणारे ठिपके. मूल हाक मारली तरी नीट जागं होत नाही. ताप असून हातपाय गार. श्वास भरभर चालतोय, बरगड्या आत ओढल्या जातायत. सहा-आठ तासांत लघवी नाही. सतत पोटदुखी किंवा थांबत नसलेल्या उलट्या, नाकातून-हिरड्यांतून रक्त, काळी शी. मान वाकत नाही, झटका आला. यातलं एक पुरे. १०८ ला फोन करा. सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी मोठी सरकारी रुग्णालयं रात्रभर उघडी असतात, मिरजेलाही. सकाळी ओपीडी उघडायची वाट बघायची नाही.

## घरात गरोदर बाई आहे आणि दुसरी मुलं शाळेत जातात. काय करावं?

गरोदर बाईला पुरळ असलेल्या मुलापासून वेगळ्या खोलीत ठेवा आणि तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रुबेला आणि कांजिण्या पोटातल्या बाळाला इजा करू शकतात. गोवरात मूल पुरळ आल्यापासून चार दिवस शाळेपासून दूर, कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. गोवर झालेल्या मुलाशी संपर्क आलेल्या, लस न झालेल्या भावंडाला ७२ तासांच्या आत लस दिली तर बचाव होऊ शकतो, म्हणून फोन उद्यावर टाकू नका.

## ताप जाऊन दोन आठवडे झाले, आता बोटांची साल निघतेय. पुन्हा दाखवायचं का?

गोवरानंतर अंगावरून कोंड्यासारखी बारीक साल निघते आणि काही दिवस तपकिरी डाग राहतात. त्यासाठी धावायला नको. हॅन्ड फूट माउथनंतर महिन्या-दीड महिन्यानं नखं मुळापासून सुटून येतात, आया फार घाबरतात, पण खालून नवीन नख येतच असतं.

बोटांच्या टोकांपासून, नखांच्या कडेनं पापुद्रे सुटत असतील तर मात्र दाखवा. घशाच्या जंतूंमुळे येणाऱ्या स्कार्लेट तापानंतर असं होतं, त्यात पुरळ सॅंडपेपरसारखं खरखरीत असतं. आणि कावासाकी आजारानंतरही होतं. त्यात पाच दिवसांहून जास्त ताप, चिकटा नसलेले लाल डोळे, फुटलेले लाल ओठ, लालभडक जीभ आणि सुजलेले हातपाय असतात. सगळं एकाच दिवशी दिसेल असं नाही, एक गेल्यावर दुसरं येतं. तो आपोआप बराही होतो, पण जाता जाता हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगवून जाऊ शकतो. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन हे औषध दिलं तर तो धोका बराच कमी होतो. ती वेळ हुकली असेल तरी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यावीच लागते. तेव्हा येताना ती दिनदर्शिका घेऊन या, 'ता' आणि 'पु' लिहिलेली.